फितीवर छापले जात होते दोनच आकडे: सौद्याला गुण देण्याच्या पद्धतीची गोष्ट

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १८६७ साली टिकर नावाचे यंत्र आले. एडवर्ड कॅलहॅन यांनी घडवलेल्या या यंत्रातून कागदाची अरुंद फीत सरकत बाहेर येई आणि तीवर कंपनीच्या नावाची अक्षरे, विकल्या गेलेल्या शेअर्सची संख्या आणि भाव असा मजकूर उमटे. नाव बाजूला ठेवले तर उरतात दोनच आकडे: किती शेअर्स विकले गेले आणि कोणत्या भावाला.

आज मोबाईलवर चार्ट उघडणारा ट्रेडर सौद्यात शिरण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो. भाव एखाद्या महत्त्वाच्या पातळीवर आहे का? कल कोणत्या दिशेचा आहे? व्हॉल्यूम साथ देतो आहे का? मोमेंटम, म्हणजे चालीचा जोर, वाढतो आहे की ओसरतो आहे? चारही उत्तरांना गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते आणि त्या बेरजेवरून सेटअपला ‘अ’, ‘ब’ किंवा ‘क’ अशी श्रेणी मिळते. या पद्धतीला ‘कॉन्फ्लुअन्स स्कोअरिंग’ म्हणतात. कॉन्फ्लुअन्स म्हणजे संगम. नद्यांच्या संगमाला जो अर्थ आहे तोच येथे अभिप्रेत आहे: वेगवेगळ्या उगमांतून आलेले प्रवाह एका ठिकाणी मिळणे. प्रवाहांचे उगम खरोखर वेगळे आहेत का, हा या साऱ्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे, आणि गुणपत्रिका भरणारे बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

या पद्धतीचे मूळ शोधत गेले की रिचर्ड वायकॉफ हे नाव समोर येते. १८७३ साली जन्मलेले वायकॉफ वयाच्या पंधराव्या वर्षी वॉल स्ट्रीटवर निरोप पोचवणारा पोऱ्या म्हणून कामाला लागले. पुढे त्यांची स्वतःची दलाली पेढी झाली. १९०७ साली त्यांनी ‘द टिकर’ हे मासिक काढले, तेच पुढे ‘मॅगझिन ऑफ वॉल स्ट्रीट’ या नावाने ओळखले गेले. १९१० मध्ये ‘रोलो टेप’ या टोपणनावाने त्यांनी फीत वाचण्याच्या विद्येवर पुस्तक लिहिले आणि १९३१ च्या सुमारास, मंदीच्या ऐन तडाख्यात, आपली सगळी पद्धत एका अभ्यासक्रमात बांधली. १९३४ साली त्यांचे निधन झाले.

वायकॉफ यांच्या शिष्यपरंपरेने ही पद्धत ज्या रूपात जपली, त्यात खरेदीपूर्वीच्या ९ कसोट्या आहेत. घसरणीचे अपेक्षित लक्ष्य गाठले गेले आहे का? विक्रीचा कडेलोट होऊन गेला आहे का, आणि नंतर त्याच तळाची शांतपणे पुन्हा चाचपणी झाली आहे का? घसरणीची तिरपी रेषा मोडली आहे का? तळ आणि शिखरे वर सरकू लागली आहेत का? खाली पुरेसा रुंद पाया तयार झाला आहे का? भाव चढताना व्हॉल्यूम वाढतो आणि उतरताना आटतो का? शेअर एकूण बाजारापेक्षा बळकट आहे का? आणि शेवटची कसोटी अशी की, अपेक्षित नफा हा स्टॉपलॉस लागल्यास होणाऱ्या तोट्याच्या किमान तिप्पट आहे का?

पातळी, कल आणि व्हॉल्यूम हे तिघेही या यादीत आहेत. पण दोन बारकाव्यांकडे लक्ष द्यायला हवे. पहिला म्हणजे येथे बेरीज नाही. कसोट्या पार व्हायच्या आहेत, ९ पैकी ६ मिळाले म्हणून उत्तीर्ण अशी सोय नाही. दुसरा बारकावा अधिक महत्त्वाचा. व्हॉल्यूमचा प्रश्न फितीवरच्या दुसऱ्या आकड्याला विचारलेला आहे आणि बाजाराशी तुलनेचा प्रश्न त्या शेअरच्या बाहेरच्या माहितीला. बाकीचे बहुतेक प्रश्न एकट्या भावालाच निरनिराळ्या तोंडांनी विचारलेले आहेत. वायकॉफ यांना याची जाण होती असे त्यांच्या पद्धतीवरून दिसते. व्हॉल्यूमला ते ‘श्रम’ मानत आणि भावाच्या हालचालीला त्या श्रमाचे ‘फळ’. श्रम पुष्कळ आणि फळ थोडे असेल तर समोरून कोणीतरी तितक्याच जोराने विकत आहे, हा त्यांचा निष्कर्ष असे. दोन आकडे परस्परांपासून वेगळे असल्यामुळेच असा ताळा घेता येतो.

मोमेंटम या चौकडीत आला तो बराच नंतर. १९७८ साली वेल्स वायल्डर या अमेरिकी यंत्र-अभियंत्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात आरएसआय, एडीएक्स, एटीआर यांसारखी आज प्रत्येक चार्टवर दिसणारी मापे दिली. संगणक घरोघरी पोचण्याआधीचा तो काळ. रोजचा हिशेब कॅल्क्युलेटर आणि कागदी तक्त्यांवर करायचा असे. आरएसआयचे सूत्र असे आहे:

```
RSI = 100 - 100 / (1 + RS)
```

येथे `RS` म्हणजे १४ दिवसांतील सरासरी वाढ भागिले सरासरी घट. सूत्रात बंद भावाखेरीज दुसरे काहीही नाही. व्हॉल्यूम नाही, बाजाराची तुलना नाही. वायल्डर यांनी ते कधी लपवलेही नाही. पण पडद्यावर आरएसआय भावाच्या खाली वेगळ्या चौकटीत, वेगळ्या रंगात दिसतो आणि त्यामुळे तो वेगळा साक्षीदार वाटतो. वास्तविक तो त्याच साक्षीदाराची तीच जबानी वेगळ्या शब्दांत सांगत असतो.

मग गुणांची बेरीज करण्याची कल्पना आली कोठून? ती बाजारातून आलेली नाही. १९२८ साली शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी इलिनॉय राज्यात पॅरोलवर सुटलेल्या ३००० कैद्यांच्या नोंदी तपासल्या. कोण पुन्हा नियम मोडेल याचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी २१ घटक निवडले आणि प्रत्येक अनुकूल घटकाला एकच गुण दिला. कोणता घटक किती महत्त्वाचा याचे सूक्ष्म गणित नव्हते, सरळ बेरीज होती.

इतकी भाबडी पद्धत चालते कशी, याचे उत्तर अर्ध्या शतकानंतर मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांनी दिले. १९७९ च्या त्यांच्या निबंधाचा गाभा असा: कोणत्या गोष्टी पाहायच्या हे अनुभवी माणसाला चांगले कळते, पण त्या सगळ्यांचा एकत्रित मेळ मनातल्या मनात घालणे त्याला जमत नाही. एखादी ठळक गोष्ट डोळ्यांत भरते आणि बाकीच्या विसरल्या जातात. म्हणून प्रत्येक घटकाला सारखे वजन देऊन केलेली साधी बेरीजही तज्ज्ञाच्या अंतःप्रेरणेवर बहुधा मात करते. सौद्यापूर्वी श्रेणी देण्यामागचे खरे समर्थन हेच आहे. हिरव्या मेणबत्तीने भारावलेल्या माणसाला ती बेरीज चारही प्रश्नांपाशी थांबायला लावते.

या समर्थनाला अर्थातच अट आहे. प्रत्येक घटकाने काहीतरी नवे सांगितले पाहिजे. एकच घटक तीन नावांनी तीनदा मोजला, तर वजने सारखी उरत नाहीत, त्या घटकाचे वजन गुपचूप तिप्पट होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हे नीट पाहता येईल. एक शेअर १० आठवडे ४८० ते ५२० रुपयांच्या पट्ट्यात अडकला होता. ५२० वरून तो तीनदा परतला. शेवटच्या उतारात तो ४८० पर्यंत न जाता ४९२ वरूनच वळला. मग नेहमीच्या अडीचपट व्हॉल्यूमसह ५२० ओलांडून तो ५५६ पर्यंत गेला आणि तेथून हळूहळू ५१८ पर्यंत उतरून पुन्हा वळला. आता भाव ५२४ आहे. एटीआर, म्हणजे दिवसाची सरासरी हालचाल, १२ रुपये आहे.

गुणांचे नियम शेअर पाहण्याआधीच कागदावर लिहिलेले आहेत आणि प्रत्येक घटकाला ० ते २ गुण आहेत. निदान दोनदा सिद्ध झालेल्या पातळीपासून भाव अर्ध्या एटीआरच्या आत असेल तर पातळीचे २ गुण. येथे ५२० पासून अंतर ४ रुपये, मर्यादा ६ रुपयांची, म्हणून २. साप्ताहिक चार्टवर शिखरे आणि तळ दोन्ही चढते असतील तर कलाचे २. येथे ४८० नंतर ४९२ हा तळ आणि ५२० नंतर ५५६ हे शिखर, म्हणून पुन्हा २. व्हॉल्यूमसाठी दोन अटी आहेत: उतारात तो सरासरीच्या ७० टक्क्यांहून कमी असावा आणि वळणाच्या दिवशी सरासरीहून अधिक. या शेअरची सरासरी रोज ४ लाख शेअर्सची आहे. उतारात ती २.४ लाखांवर आली, म्हणजे ६० टक्के, पहिली अट पूर्ण. पण वळणाच्या दिवशी ३.६ लाखच शेअर्स हातबदल झाले, म्हणून १ गुण. मोमेंटमची अट अशी की उतारात आरएसआय ४० च्या खाली जाऊ नये आणि तो पुन्हा वर वळलेला असावा. तो ४६ पर्यंत उतरून वळला, म्हणून २. बेरीज ८ पैकी ७.

नफा-तोट्याचे गुणोत्तर या बेरजेत घातलेले नाही, आणि ते योग्यच आहे. ते वायकॉफ यांच्या शेवटच्या कसोटीसारखे दारावरच्या पहारेकऱ्याचे काम करते. स्टॉपलॉस पातळीच्या एक एटीआर खाली, ५०८ ला. जोखीम १६ रुपये. वर ५८० ला जुन्या विक्रीची पातळी आहे, म्हणजे ५६ रुपयांची वाट मोकळी. गुणोत्तर साडेतीन. दार उघडते.

आता दुसरा शेअर. तोही काल्पनिक. तीन दिवसांत तो ३०० वरून ३२७ वर उसळला. वाटेत त्याने ३०२ ची पातळी ओलांडली. येथे गुणपत्रिका वेगळ्या माणसाची आहे आणि तीत पाच रकाने आहेत: पातळी ओलांडली का, भाव २० दिवसांच्या सरासरीच्या वर आहे का, एमएसीडीने वरचा छेद दिला का, आरएसआय ६० च्या वर आहे का, व्हॉल्यूम सरासरीइतका तरी आहे का. पहिल्या चारांना प्रत्येकी २ गुण मिळतात. व्हॉल्यूम सरासरीच्या ०.९ पट, म्हणून १. बेरीज १० पैकी ९. टक्केवारीत हा शेअर पहिल्यापेक्षाही वर आहे!

पण या ९ गुणांतले ८ गुण एकाच घटनेचे आहेत. तीन दिवसांत भाव २७ रुपयांनी उसळला की तो सरासरीच्या वर जाणार, एमएसीडीही बहुधा वरचा छेद देणार, आरएसआय चढणार आणि पातळीही मागे पडणार. चार दिवे एकाच बटणावर लागलेले आहेत. स्वतंत्रपणे बोलू शकणारा साक्षीदार एकच, व्हॉल्यूम, आणि तो फारसा उत्साही नाही. पहिल्या शेअरची गुणपत्रिका येथे लावली तर चित्र पालटते. भाव पातळीपासून २५ रुपये दूर आहे आणि एटीआर आहे ९, म्हणून पातळीला ०. शिखर चढते पण तळ अजून चढलेला नाही, म्हणून कलाला १. उतार झालेलाच नाही आणि व्हॉल्यूमही थंड, म्हणून ०. मोमेंटमला २. एकूण ८ पैकी ३. आणि दारावरचा पहारेकरी तर आतच सोडत नाही: स्टॉपलॉस ३०० ला ठेवला तर जोखीम २७ रुपये, आणि ३४५ च्या जुन्या शिखरापर्यंत मिळकत १८ रुपये.

मग पहिल्या गुणपत्रिकेतला कल आणि मोमेंटम तरी वेगळे आहेत का? पूर्णपणे नाहीत, दोन्ही भावातूनच निघतात. पण कल तेथे साप्ताहिक चार्टवर शिखरे-तळांनी मोजला आहे आणि मोमेंटम दैनिक चार्टवर, तोही केवळ उतारातला. काळाचा पल्ला वेगळा असल्यामुळे दोघांमध्ये मतभेद होऊ शकतो. साप्ताहिक कल चढता असूनही दैनिक आरएसआय ३५ वर आलेला असू शकतो. गुणपत्रिकेतले दोन रकाने खरोखर वेगळे आहेत का हे ओळखण्याची सोपी खूण हीच: मागच्या ५० सेटअपमध्ये त्या दोन रकान्यांत किती वेळा वेगवेगळे गुण पडले ते मोजावे. दोनतीनदाच पडले असतील तर त्यातला एक रकाना शोभेचा आहे.

बेरजेचा आणखी एक दोष आहे. एका रकान्यातले शून्य दुसऱ्या रकान्यातले गुण भरून काढतात. कल, व्हॉल्यूम आणि मोमेंटम उत्तम असले की ६ गुण मिळतात, मग पातळी शून्य का असेना. पण पातळी नसलेल्या सौद्यात स्टॉपलॉस ठेवायला जागाच नसते. तो मनाला येईल तेथे ठेवला जातो. म्हणून पातळीला शून्य असेल तर बेरीज न पाहताच सौदा सोडावा, अशी नकाराधिकाराची अट लागते. वायकॉफ यांच्या कसोट्यांमध्ये ही शिस्त मुळातच होती, बेरजेची सोय आल्यावर ती सैल झाली.

व्हॉल्यूम हा स्वतंत्र साक्षीदार खरा, पण तोही कधीकधी भलत्याच कारणाने बोलतो. दिवाळीतील मुहूर्ताचे सत्र जेमतेम तासाभराचे असते, त्या दिवसाचा व्हॉल्यूम सरासरीशी ताडून ‘आटला’ म्हणणे व्यर्थ आहे. उलट डेरिव्हेटिव्हची मुदत संपण्याच्या दिवशी किंवा एखादा शेअर निर्देशांकात दाखल होतो त्या दिवशी व्हॉल्यूम फुगतो, आणि त्यात त्या शेअरविषयीचे मत थोडेच असते. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या दैनिक आकडेवारीत प्रत्यक्ष डिलिव्हरी झालेल्या शेअर्सचीही संख्या मिळते. ती शेजारी ठेवली की त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकलेल्यांची गर्दी वेगळी काढता येते. फितीच्या काळात वायकॉफ यांना अशी सोय नव्हती.

राहतो तो प्रश्न श्रेणी खरी आहे का याचा. त्यासाठी सौद्याची तारीख, चारही रकान्यांतले गुण आणि निकाल यांची वही लागते, आणि गुण प्रवेशापूर्वी लिहिलेले असावे लागतात. निकाल कळल्यानंतर भरलेल्या वहीत ‘अ’ श्रेणीचे सौदे नेहमीच यशस्वी होतात! समजा अशा वहीत ‘अ’ श्रेणीचे ४० सौदे आहेत, त्यांपैकी १८ यशस्वी, म्हणजे ४५ टक्के. ‘ब’ श्रेणीच्या ४० पैकी १६ यशस्वी, म्हणजे ४० टक्के. फरक ५ टक्क्यांचा दिसतो. पण इतक्या थोड्या सौद्यांत केवळ योगायोगानेही १० टक्क्यांच्या आसपासचा फरक सहज पडू शकतो. म्हणजे या वहीवरून ‘अ’ ही श्रेणी ‘ब’ पेक्षा सरस आहे असे म्हणता येत नाही, आणि ‘अ’ मिळाला म्हणून दुप्पट शेअर्स घेण्याला तर काहीच आधार उरत नाही. अनेकांचे खाते रिकामे होते ते नेमके याच ठिकाणी. चुकीच्या सौद्याने होणारे नुकसान स्टॉपलॉसपुरते राहते, पण श्रेणीवर विसंबून वाढवलेल्या संख्येने तेच नुकसान दुप्पट होते.

जाता जाता वायल्डर यांच्याविषयी. आरएसआय देणाऱ्या या अभियंत्याने १९८७ साली ‘ॲडम थिअरी’ नावाचे आणखी एक पुस्तक काढले. त्यात सगळा भर एकट्या भावाच्या चालीवर आहे. स्वतःची सगळी मापे त्यांनी तेथे बाजूला ठेवली होती.